खवले मांजराचा भाव कोण ठरवतो?

खवले मांजर पळण्याच्या बाबतीत अगदीच लंगडे आहे. पुढच्या पायांची नखे इतकी लांब आणि आत वळलेली असतात, की ती झिजू नयेत म्हणून ते पंजा मुडपून त्याच्या कडेवर चालते. कधीकधी तर पुढचे पाय उचलून, शेपटीने तोल सांभाळत, नुसत्या मागच्या पायांवरच पुढे सरकते. चावायला त्याच्याकडे एकही दात नाही, नजरही अधू. पोट भरते ते मुंग्यांवर आणि वाळवीवर: नखांनी वारूळ फोडायचे आणि लांब, चिकट जीभ आत सारायची. रात्री एकट्याने हिंडणाऱ्या अशा जिवासमोर बिबट्या उभा राहिला, तर त्याला करण्यासारखी एकच गोष्ट उरते. ती गोष्ट मात्र ते फार नीट करते.

ते अंगाचे वेटोळे करते. डोके पोटाशी ओढून घेतले जाते, पुढचे पाय दुमडून आत जातात आणि शेवटी रुंद, चपटी, जाडजूड शेपूट सगळ्यावरून येऊन गुंडाळली जाते. अंगावरचे खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, पण ते सगळीकडे नसतात. पोट, गळा आणि पायांची आतली बाजू उघडी असते. तिथे नुसती कातडी आणि विरळ केस. गोळा होताना नेमका हाच मऊ भाग आत जातो आणि बाहेर राहते ती पाठ, शेपूट आणि पायांची बाहेरची बाजू. म्हणजे चिलखत सगळ्या अंगावर नसते, आणि उरलेल्या भागाचे रक्षण अंग दुमडण्याची ही क्रिया करते. पिल्लू लहान असेल तर आई आधी त्याला पोटाशी घेते आणि त्याच्याभोवती मिटते. एरवी ते तिच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरत असते.

हा गोळा बळाने उघडणे कठीण आहे. शेपटीचे स्नायू भलतेच ताकदवान असतात. मोठा नर हाती लागला तर धडधाकट माणसालाही ती शेपूट सहज सोडवता येत नाही. खवल्यांच्या मोकळ्या कडा धारदार असतात आणि कातडीखालचे स्नायू आवळले की त्या हलतात. मध्ये नाक किंवा पंजा सापडला तर कापतो. शिवाय गुदद्वाराजवळच्या ग्रंथींमधून घाण वासाचा स्राव सुटतो. गीरच्या जंगलात सिंहांच्या पुढ्यात असा गोळा पडलेला असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झालेली आहेत. त्यांत एवढा मोठा शिकारी पंजाने तो चेंडू लोटताना दिसतो.

या बचावाचे वर्म खवल्यांच्या कठीणपणात फारसे नाही. खवला शेवटी केराटिनचा, म्हणजे आपल्या नखांच्या आणि केसांच्याच द्रव्याचा. जबरदस्त जबड्यापुढे तो अभेद्य नसतो आणि कधीमधी एखादे खवले मांजर बिबट्याच्या किंवा वाघाच्या तोंडी जातेही. खरा हिशेब वेळेचा आणि कष्टाचा आहे. शिकारी प्राण्याला आजचे पोट आज भरायचे असते. दहा-पंधरा किलोच्या एका गोळ्यावर तासभर दात झिजवायचे, त्यात तोंड कापून घ्यायचे, आणि तरी तो उघडेल याची खात्री नाही. तेवढ्यात दुसरीकडे हरणाचे पाडस मिळू शकते. म्हणून बिबट्या थोडा वेळ खटपट करतो आणि निघून जातो. खवले मांजर जिंकत नाही. समोरच्याला कंटाळा येईपर्यंत ते टिकून राहते. काही कोटी वर्षे हा हिशेब बरोबर येत गेला.

माणूस त्यात बसत नाही. माणसाला गोळा तिथेच उघडायचा नसतो. तो उचलतो, पोत्यात टाकतो आणि घरी नेतो. पळणारा, चावणारा, ओरडणारा प्राणी पकडायला जाळे लागते, फासे लागतात, हत्यार लागते. इथे शिकार स्वतःच्या हाताने स्वतःची गठडी वळून बसलेली असते. मागावरचा कुत्रा भुंकत भोवती फिरला तरी पुरते, मालक येईपर्यंत खवले मांजर जागचे हलत नाही. जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या रानटी सस्तन प्राण्यांत त्याचे नाव वर असण्याचे पहिले कारण इतके साधे आहे.

दुसरे कारण मागणीचे. चिनी पारंपरिक औषधांमध्ये भाजलेल्या खवल्यांची पूड बाळंतिणीला दूध यावे, सांधेदुखी जावी म्हणून वापरली गेली आहे. व्हिएतनाममध्ये त्याचे मांस श्रीमंती मेजवानीचा पदार्थ मानले जाते. नखाची पूड खाऊन दूध वाढत नसेल तर खवल्याची खाऊन वाढण्याचेही कारण नाही. तरी बाजार औषधाच्या गुणावर चालत नाही, गिऱ्हाइकाच्या श्रद्धेवर चालतो. चीनने 2020 मध्ये आपल्या औषधकोशाच्या कच्च्या मालाच्या यादीतून खवले काढून टाकले. त्याआधी वन्यजीव व्यापाराविषयीच्या 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला होता. या आठांतल्या चार जाती आशियातल्या, चार आफ्रिकेतल्या. आशियातली जंगले रिकामी होत गेली तसा व्यापार आफ्रिकेकडे वळला. एप्रिल 2019 मध्ये सिंगापूरच्या बंदरात आठवड्याभराच्या आत दोन कंटेनर पकडले गेले. दोन्ही नायजेरियातून व्हिएतनामकडे निघालेले, आणि दोन्हींत मिळून साधारण साडेपंचवीस टन खवले. तो माल सुमारे 38,000 प्राण्यांचा असावा असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. भागाकार केला तर एका प्राण्यामागे पाऊण किलोही येत नाही, कारण आफ्रिकेतल्या काही जाती अंगाने लहान आहेत. आपले भारतीय खवले मांजर त्या मानाने थोराड. अंगाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा खवल्यांचा धरला, तर बारा किलोच्या प्राण्यामागे दोन किलोच्या वर खवले निघतात. तस्कराच्या नजरेने एका जिवात इथे तिप्पट माल आहे.

इथवरचे चित्र बहुतेक लेखांत येते आणि ते खरेही आहे. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र मला अपुरा वाटतो. निष्कर्ष असा, की चीन-व्हिएतनाममधली मागणी आटली की आपल्याकडची शिकार थांबेल. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या धंद्याचा मोठा भाग तिकडच्या मागणीवर चालतच नसावा. तो चालतो अफवेवर, आणि ती अफवा आपणच छापतो.

आकड्यांनी सुरुवात करू. वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणारी ‘ट्रॅफिक’ ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांच्या पाहणीनुसार 2018 ते 2022 या पाच वर्षांत देशात खवले मांजरांच्या जप्तीच्या 342 घटना नोंदल्या गेल्या. त्यांत 1,203 प्राणी होते. 74 घटनांसह ओडिशा पहिला, आणि दुसरा महाराष्ट्र: 47 घटना, 135 प्राणी. हे फक्त पकडले गेलेले. ईशान्येची सीमा आपल्यापासून दोन हजार किलोमीटरवर आहे. मणिपूरमार्गे म्यानमारकडे आणि नेपाळमार्गे तिबेटकडे जाणारे रस्ते इथून जवळचे नव्हेत. तरी यादीत आपण दुसरे कसे?

काही श्रेय आपल्या वन खात्याला आणि पोलिसांना द्यायला हवे. जिथे पकडतात तिथेच आकडा वाढतो. पण जप्त काय होते तेही पाहिले पाहिजे. राज्यातल्या बातम्या सवडीने वाचल्या तर एक ठरीव घटनाक्रम पुन्हा पुन्हा दिसतो. खबऱ्या सांगतो की अमुक गावातल्या पोरांकडे खवले मांजर आहे. वन खाते बनावट गिऱ्हाईक पाठवते. भाव लाखांत सुरू होतो. हायवेवरच्या एखाद्या ढाब्याजवळ, पुलाखाली, फाट्यावर भेट ठरते. गाडीच्या डिकीतून पोते निघते, पोत्यात जिवंत खवले मांजर. सापळा पडतो, पंचनामा होतो, फोटो निघतो. आरोपी बहुधा विशी-तिशीतले: कोणी ड्रायव्हर, कोणी शेतमजूर, कोणी बेकार. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘आंतरराष्ट्रीय बाजारात कोट्यवधी रुपये किंमत’ हे शब्द हमखास असतात.

यातला ‘जिवंत’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. औषधांच्या बाजाराला जिवंत प्राणी नको असतो, त्याला हवे असतात वाळलेले खवले. खवला सुकला की हलका असतो, सडत नाही, महिनोन्‌महिने पोत्यात राहतो, दुसऱ्या मालाच्या तळाशी सहज लपतो. धंद्यातला माणूस गावोगावचा माल थोडा थोडा गोळा करतो आणि पुरेसा झाला की पुढे पाठवतो. त्याला घाई नसते. जिवंत खवले मांजर म्हणजे नेमके उलटे. त्याला मुंग्या आणि वाळवीशिवाय दुसरे काही खाऊ घालणे जवळपास अशक्य, पोत्यात ते धास्तीने आणि उपासमारीने खंगते, थोड्या दिवसांत मरते. प्राणिसंग्रहालयांनाही ते जगवणे जड जाते. भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये त्याचे प्रजनन केंद्र आहे, पण तिथली जिकीर पाहिली तर या प्राण्याची शेती होणार नाही हे कळते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. मग असा नाशवंत, अवघड, गुन्ह्याचा ऐवज घेऊन फाट्यावर उभा असलेला पोरगा कोणाची वाट पाहत असतो?

मराठवाड्यातल्या वाचकाला याचे उत्तर मांडुळावरून कळेल. मांडूळ हा बिनविषारी, सुस्त साप. तो गुप्तधन दाखवतो, त्याच्या पूजेने पैशाचा पाऊस पडतो, अमुक किलोचा असेल तर कोटी मिळतात, अशा कहाण्यांवर वर्षानुवर्षे मांडूळ पकडले गेले. त्यांत शेवटचे गिऱ्हाईक कोण, हे सहसा कोणाला सांगता येत नाही. प्रत्येक जण पुढच्याला विकणार असतो आणि पुढचा त्याच्या पुढच्याला. जिवंत खवले मांजराचा आपल्याकडचा व्यवहार मला याच जातीचा वाटतो. अटी त्याच: प्राणी जिवंत हवा, अखंड हवा, इतक्या वजनाचा हवा. या अटी वैद्याच्या नसतात, भोंदूच्या असतात. गुप्तधनाच्या नावाने लोकांना नाडणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले, पण प्राण्याच्या बाजूने त्या कायद्याचा वापर झाल्याचे क्वचितच कानावर येते.

म्हणजे बाजार दोन आहेत. एक सुक्या खवल्यांचा: खरा, शांत, धीराचा, बाहेरच्या मागणीला जोडलेला. दुसरा जिवंत प्राण्याचा: बोलघेवडा, उतावळा, आणि बहुतांशी हवेतला. आपल्या सापळ्यांत दुसरा जास्त सापडतो, कारण त्याला गिऱ्हाईक नसल्यामुळे तो गिऱ्हाईक शोधत हिंडतो आणि ज्याला त्याला फोटो पाठवतो. पहिल्याचे गिऱ्हाईक ठरलेले असते. त्याला बोलायची गरज पडत नाही.

या दुसऱ्या बाजाराला भाव कुठून मिळतो? जंगलात राहणाऱ्याला पूर्वी खवले मांजर सापडले तर तो फार तर मांसासाठी मारी. एखादा खवला अंगठीत किंवा ताईत म्हणून ठेवी. लाखांचा आकडा त्याच्या अनुभवातून आलेला नाही. आकडा आला बातमीतून. तालुक्याच्या वर्तमानपत्रात ‘कोटींचे खवले मांजर जप्त’ छापून येते तेव्हा संपादकाला वाटते, गुन्ह्याचे गांभीर्य वाचकांपर्यंत पोचले. चावडीवर ती बातमी निराळी वाचली जाते: आपल्या बांधावर रात्री फिरणाऱ्या त्या जनावराला एवढा भाव आहे, आणि ही पोरे पकडली गेली ती हुशार नव्हती म्हणून. लॉटरीची जाहिरात याहून वेगळी नसते. त्यात बनावट गिऱ्हाईक हा कित्येकदा त्या आरोपीच्या आयुष्यातला पहिला माणूस, ज्याने ती रक्कम खरोखर कबूल केली. विकणाऱ्याच्या मित्रमंडळींत पुढे तेवढेच उरते: पार्टी आली होती, एवढे द्यायला तयार होती.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला वन खात्याचा. बनावट गिऱ्हाईक नसेल तर पकडायचे कसे? रात्रीच्या बिळातून काढलेला प्राणी कोणाच्या गोठ्यात झाकलाय, हे दुसऱ्या कोणत्या वाटेने कळणार? हे मान्य. सापळा राहू दे. पण सापळ्यात बोललेली रक्कम हा तपासाचा भाग आहे, तो आरोपपत्रात जावा. प्रसिद्धिपत्रकात त्याचे काही काम नाही. शिवाय तपास पोत्यापाशी थांबू नये. ज्या मोबाइलमध्ये त्या प्राण्याचे फोटो आहेत, त्याच मोबाइलमध्ये अजून कोणाकोणाला विचारणा झाली हेही असते. सुक्या खवल्यांकडे जाणारा धागा असला तर तिथेच असतो.

दुसरा आक्षेप बातमीदाराचा. किंमत लिहिली नाही तर लोकांना हा गुन्हा किरकोळ वाटेल. मला हे पटत नाही. किंमत कळली की लोक भीत नाहीत, त्यांचे डोळे विस्फारतात. गांभीर्य सांगायचे तर ते शिक्षेतून सांगता येते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. तीन ते सात वर्षांची कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड. पोरगा महिन्याला जे कमावतो त्याच्या शेजारी हा आकडा छापला तर तो नीट वाचला जाईल.

आकडा न छापता खवले मांजराबद्दल गावात बोलता येते, याचे उदाहरण कोकणात आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, वेळासच्या कासवांमुळे नाव झालेली, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने खवले मांजरावर रत्नागिरी जिल्ह्यात काम करत आली आहे. जंगलात कॅमेरे लावणे, गावोगाव फिरून कुठे दिसते ते विचारणे, वन खात्याशी बोलत राहणे, असे ते काम. फेब्रुवारीतला तिसरा शनिवार जगभर खवले मांजर दिन म्हणून पाळतात. 2020 मध्ये त्या निमित्ताने चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला आणि खवले मांजराची प्रतिकृती चक्क पालखीत बसवून मिरवली. शहरी माणसाला हे गमतीचे वाटेल. कोकणातल्या गावात मात्र पालखीत कोण बसते आणि कोण बसत नाही, याला अर्थ असतो. तंत्रमंत्राच्या कहाणीला व्याख्यानाने उत्तर देता येत नाही. तिला गावच्या देवळातून उत्तर द्यावे लागते, हे तिथल्या लोकांनी ओळखले. एका उत्सवाने शिकार थांबते असा माझा दावा नाही. पण गावात त्या प्राण्याची दुसरी गोष्ट सुरू झाली आणि तिच्यात रुपये नव्हते.

मराठवाड्यात असे काम जवळपास नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याच्या डोंगरातून खाली उतरले की पूर्णेवर, येलदरीच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वर धरण लागते. भोवती हळद, सोयाबीन, कापूस, आणि मध्ये मध्ये झुडपी माळ, खडकाळ उतार. भारतीय खवले मांजराला घनदाट जंगलच लागते असे नाही. दख्खनच्या अशा झुडपी, वारुळे असलेल्या, बीळ खणता येईल अशा जमिनीवरही ते राहते. सिद्धेश्वरच्या एखाद्या शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरीच्या उजेडात बांधावर खवल्यांचा गोळा दिसला, तर त्याने काय करावे? तशी वेळ आली तर शेजारी गोळा होतील, कोणी पोते आणेल, कोणी व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकेल. व्हिडिओ हीच सगळ्यात घातक गोष्ट, कारण ‘पार्टी’ शोधणारे असल्याच व्हिडिओवर असतात.

खरे तर त्याला काहीच करावे लागत नाही. कुत्री बांधायची, बॅटरी विझवायची, लोकांना मागे घ्यायचे. आवाज थांबला की गोळा हळूच सैल होतो, आधी नाक बाहेर येते, मग ते उठून आपल्या वाटेने जाते. जखमी असेल, विहिरीत पडले असेल, किंवा कोणी आधीच पोत्यात भरले असेल, तरच वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करायचा. बांधातल्या वाळवीवर फुकट काम करणारा हा प्राणी आहे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पोत्यातून सुटलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फोनने सुटत नाही. जप्त केलेला प्राणी बहुधा तपासून, कोर्टाची परवानगी घेऊन जवळच्या जंगलात सोडला जातो. ते जंगल त्याचे नसते. त्याची बिळे, त्याची ओळखीची वारुळे तिथे नसतात, आणि उपाशी, बिथरलेल्या प्राण्याने पहिल्याच रात्री नवे बीळ खणावे अशी अपेक्षा असते. मध्य प्रदेशच्या वन खात्याने वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्टबरोबर सुटका केलेल्या खवले मांजरांना रेडिओ टॅग लावून सोडले, ते जगतात की नाही हे कळावे म्हणून. आपल्याकडे आरोपीने प्राणी नेमका कुठून उचलला, हे पंचनाम्यात लिहून घेतले तरी अर्धे काम होईल. त्याला परत तिथेच नेता येईल.

बातमीत किमतीच्या जागी काय लिहायचे, असे कोणी विचारले तर माझी मागणी फार मोठी नाही. प्राणी कुठून उचलला, कोणते कलम लागले, आणि आता तो कुठे आहे. पहिल्या दोनांची उत्तरे बातमीदाराला त्याच दिवशी मिळतात. तिसरे विचारायला महिन्याभराने पुन्हा फोन करावा लागतो, आणि तो फोन अजून सहसा कोणी करत नाही.